दोन टोकांची राखण

गेल्या महिन्यात निगडीहून एका वाचकांचे पत्र आले. भोसरीतील एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे काम केले असून आता ते निवृत्त आहेत. घरी पत्नीची शुश्रूषा तेच करतात. त्यांनी विचारले होते, ‘हिंजवडीत आरएनएची लस तयार झाली असे वाचले. असा आरएनए एकदा शरीरात गेला की तो कायमचा तिथेच राहतो, असे आमच्या सोसायटीतील काही मंडळी म्हणतात. पत्नीला अशी लस देण्याची वेळ आली, तर मी होकार द्यावा की नकार?’

प्रश्न साधा आहे, आणि त्याचे उत्तर आरएनएच्या धाग्याच्या दोन टोकांत दडलेले आहे. हा धागा किती काळ टिकतो, तो वाचला जातो की नाही आणि अखेरीस तो कसा नष्ट होतो, हे फार मोठ्या प्रमाणात त्याच्या आरंभीच्या टोपीवर आणि अखेरच्या शेपटीवर ठरते. म्हणून आज आपण ही दोन टोकेच नीट पाहू.

पत्रलेखकांना ओळखीचे वाटेल असे एक उदाहरण घेतो. कारखान्यात सुट्या भागाचे मूळ रेखाचित्र डिझाइन विभागात कुलूपबंद असते. यंत्रावर काम करणाऱ्याच्या हाती येते ती त्याची प्रत. त्या प्रतीवर ‘कंट्रोल्ड कॉपी’ असा शिक्का असावा लागतो. बिनशिक्क्याचा कागद शॉपवर दिसला, तर तपासनीस तो काढून फाडून टाकतो. आपल्या पेशीतही अशीच व्यवस्था आहे. मूळ रेखाचित्र म्हणजे डीएनए. ते केंद्रकात सुरक्षित असते आणि तेथून बाहेर पडत नाही. त्याची कामापुरती काढलेली प्रत म्हणजे संदेशवाहक आरएनए. ही प्रत केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवात येते. तेथे रायबोसोम नावाची यंत्रे ती अक्षर-अक्षर वाचतात आणि तिच्यानुसार प्रथिन घडवतात.

अडचण अशी की पेशीद्रवात आरएनए कुरतडणारी विकरे सदैव फिरत असतात. काही विकरे धाग्याच्या आरंभाकडून खात येतात, तर काही शेवटाकडून. उघड्या टोकाचा धागा त्यांच्या तावडीत सापडला, तर वाचला जाण्यापूर्वीच तो संपतो. शिक्क्याची गरज येथे निर्माण होते.

आरंभाच्या टोकाला शास्त्रज्ञ ‘पाच-प्राइम टोक’ म्हणतात. केंद्रकात आरएनएची प्रत निघू लागते आणि ती जेमतेम पंचवीस-तीस अक्षरांची होते न होते, तोच या टोकावर टोपी चढवली जाते. हे काम तीन पायऱ्यांत होते. नव्या धाग्याच्या आरंभी तीन फॉस्फेट असतात. पहिले विकर त्यांतील सर्वांत बाहेरचे फॉस्फेट छाटते. दुसरे विकर तेथे ग्वानोसिन या जातीचे एक अक्षर जोडते, पण ते उलटे जोडते. माळेत सारे मणी एका दिशेने ओवावेत आणि पहिला तेवढा तोंड फिरवून ओवावा, तशी ही जोडणी असते. तिसरे विकर त्या उलट्या अक्षरावर मेथिल नावाचा छोटासा रासायनिक गट बसवते. टोपी तयार होते.

या उलटेपणातच संरक्षण आहे. आरंभाकडून खात येणाऱ्या विकराला सरळ मांडणीचे, एकच फॉस्फेट असलेले टोक लागते. उलट्या जोडणीवर त्याला पकड मिळत नाही. मेथिल गटाचे काम वेगळे आहे. पेशीद्रवात टोपी ओळखणारे एक प्रथिन असते आणि ते या मेथिलयुक्त अक्षराला घट्ट धरते. मेथिल नसेल तर पकड ढिली पडते आणि रायबोसोमला धाग्याकडे आणण्याचे काम मंदावते. म्हणजे एकच टोपी दोन कामे करते. ती कुरतडणाऱ्याला अडवते आणि वाचणाऱ्याला बोलावते.

टोपीचा शोध १९७५ साली लागला. यासुहिरो फुरुइची आणि आरन शॅटकिन हे संशोधक तेव्हा विषाणूंच्या आरएनएचा अभ्यास करत होते. फुरुइची यांच्या आधीच्या कामातील एक विषाणू तर रेशमाच्या किड्यांना ग्रासणारा होता. माणसाच्या पेशीतील प्रत्येक संदेशाशी निगडित असलेली ही गोष्ट प्रथम एका किड्याच्या रोगाच्या वाटेने हाती लागली.

आता शेवटाकडे वळू. आरएनएचा धागा जिथे संपायला हवा, त्याच्या थोडे आधी एक खूण लिहिलेली असते. ही खूण सहा अक्षरांची असते: ए-ए-यू-ए-ए-ए. काही प्रथिनांचा समूह ही खूण ओळखतो आणि तिच्यापुढे साधारण दहा ते तीस अक्षरांवर धागा कापतो. मग दुसरे एक विकर त्या कापलेल्या टोकाला ‘ए’ हे एकच अक्षर पुनःपुन्हा जोडत जाते. माणसाच्या पेशीत नव्या धाग्याला अशी सुमारे दोनशे ते अडीचशे ‘ए’ची शेपटी मिळते. विशेष असे की ही शेपटी मूळ डीएनएमध्ये लिहिलेली नसते, ती प्रत निघाल्यावर जोडली जाते.

शेपटीवर काही प्रथिने ओळीने बसतात. प्रत्येक प्रथिन सुमारे पंचवीस-तीस ‘ए’ झाकते. ही प्रथिने शेवटाकडून येणाऱ्या कुरतडणाऱ्यांना थोपवतात, आणि आणखी एक महत्त्वाचे काम करतात. टोपी धरणाऱ्या प्रथिनाला चिकटलेले एक लांबट प्रथिन असते. शेपटीवरची प्रथिने त्यालाच हात घालतात. त्यामुळे धाग्याची दोन्ही टोके जवळ येतात आणि त्याचे कडे तयार होते. दोन्ही टोके शाबूत असलेला संदेशच असे कडे करू शकतो, म्हणून पेशीला संपूर्ण प्रत ओळखण्याची ही सोय आहे. मधून तुटलेल्या धाग्याचा एक तुकडा टोपीचा असतो नि दुसरा शेपटीचा. त्यांचे कडे जुळत नाही, आणि अर्धवट संदेशावरून बिघडलेले प्रथिन घडण्याचा धोका कमी होतो.

सहा अक्षरांची ती खूण बिघडली तर काय होते, याचे उदाहरण भारतीय कुटुंबांतच आढळलेले आहे. हिमोग्लोबिनचा अल्फा भाग घडवणाऱ्या एका जनुकात या खुणेतील शेवटची दोन अक्षरे गळालेली असणे, हा अल्फा थॅलेसेमियाचा एक प्रकार आहे. खूण अपुरी असल्यामुळे धागा योग्य ठिकाणी कापला जात नाही, शेपटी नीट जोडली जात नाही आणि उपयोगी पडेल असा संदेश फारच थोडा तयार होतो. अल्फा भाग घडवणारी जनुके आपल्याकडे चार असतात. त्यामुळे एकाच जनुकात दोष असलेल्या माणसाला सहसा काही त्रास होत नाही. रक्ततपासणीत लाल पेशी थोड्या लहान दिसतात, एमसीव्ही हा आकडा कमी येतो, एवढेच.

शुश्रूषा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. लहान लाल पेशी दिसल्या की लोहाची कमतरता आहे असे गृहीत धरले जाते आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. महिनोन् महिने गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही, तर फेरिटिनची तपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. फेरिटिन पुरेसे असेल, तर दोष लोहाचा नसून घराण्यात चालत आलेला असू शकतो. अशा वेळी गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि लोह विनाकारण साठत राहते. मात्र वयोवृद्धांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. पूर्वीच्या तपासण्यांत आकडा व्यवस्थित असेल आणि आता उतारवयात तो नव्याने घसरला असेल, तर तो वंशागत दोष समजून सोडून देऊ नये. पोटातून किंवा आतड्यातून रक्तस्राव होत नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे. जुने रक्ताचे अहवाल जपून ठेवण्याचा खरा उपयोग अशा वेळी कळतो.

आता पत्रातील मुख्य प्रश्नाकडे येऊ. संदेश नष्ट कसा होतो?

शेपटी कायम तेवढीच राहत नाही. पेशीद्रवात आल्यापासून काही विकरे तिच्या शेवटाचे ‘ए’ एकेक करून छाटत असतात. शेपटी जसजशी आखूड होते, तसतशी तिच्यावरची प्रथिने गळत जातात. शेवटचे प्रथिन बसण्याइतकीही जागा उरली नाही की कडे सुटते. मग टोपी काढण्याचेच काम करणारे एक विकर पुढे येते आणि शिक्का उतरवते. आरंभाचे टोक उघडे पडले की कुरतडणारे विकर तेथून भराभर धागा खात सुटते. दुसरी विकरे शेवटाकडून तेच काम करतात. सुटी झालेली अक्षरे पेशी पुन्हा वापरते. काही संदेश मिनिटांत संपतात, बरेचसे काही तासांत, तर थोडे दिवसभर किंवा त्याहून अधिक टिकतात. कोवळ्या लाल रक्तपेशीचे पाहा. ती आपले केंद्रक टाकून देते, म्हणजे नवी प्रत काढण्याची सोयच तिच्याकडे उरत नाही. तरीही पुढे एक-दोन दिवस ती हिमोग्लोबिन घडवत राहते, कारण आधी निघालेले संदेश टोपी-शेपटीसह शाबूत असतात. त्यानंतर मात्र तेही संपतात आणि घडवणे थांबते.

हिंजवडीच्या लसीचे कामही याच नियमांनी चालते. पिंपरी-चिंचवडच्या शेजारी, हिंजवडीत असलेल्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने कोविडवरील लस तयार केली. ‘जेमकोव्हॅक-१९’ या नावाच्या त्या लसीला जून २०२२ मध्ये अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. भारतात विकसित झालेली ही पहिली संदेशवाहक आरएनए लस. जून २०२३ मध्ये ओमायक्रॉनसाठीची ‘जेमकोव्हॅक-ओएम’ आली. ती सुईविना, एका विशेष उपकरणाने त्वचेत देण्याची योजना होती.

लसीतील आरएनए पेशीत तयार होत नाही, काचेच्या पात्रात तयार होतो. त्यामुळे टोपी आणि शेपटीही कारखान्यातच द्यावी लागते. टोपी देण्याचे दोन मार्ग आहेत. आरएनए तयार झाल्यावर विकरे घालून ती चढवता येते, किंवा आरएनए घडत असतानाच तयार टोपीचा तुकडा मिश्रणात घालता येतो. कोणताही मार्ग घेतला तरी काही धागे बिनटोपीचे राहण्याची शक्यता असते. असे धागे केवळ वाया जात नाहीत. त्यांच्या आरंभी तिन्ही फॉस्फेट उघडी असतात, आणि आपल्या पेशीतील पहारेकरी प्रथिने अशा टोकाला विषाणूची खूण मानून धोक्याचा इशारा देतात. परिणामी दाह वाढतो आणि प्रथिन घडणे मंदावते. म्हणून अशा लसींच्या प्रत्येक घाणीतून नमुना घेतात, धाग्याच्या आरंभाचा छोटा तुकडा कापून अतिसूक्ष्म वजन करणाऱ्या यंत्रात घालतात आणि टोपी असलेले धागे किती, हे मोजतात. टोपी असलेला तुकडा तेवढ्या वजनाने भारी भरतो. शेपटीची लांबीही तपासतात.

शेपटीची अडचण निराळी आहे. लसीसाठी ती बहुधा डीएनएच्या साच्यातच लिहून ठेवतात, आणि तो साचा जिवाणूंमध्ये वाढवतात. एकच अक्षर शंभर वेळा सलग आले की जिवाणू नकल करताना चुकतो नि काही अक्षरे गाळतो. फायझर-बायोएनटेकच्या लसीत यावर केलेला उपाय प्रसिद्ध आहे. तिच्या शेपटीत तीस ‘ए’, मग दहा इतर अक्षरे आणि पुन्हा सत्तर ‘ए’ आहेत. मधल्या खंडामुळे सलगपणा तुटतो आणि शेपटी साच्यात टिकून राहते.

जिनोव्हाच्या लसीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि पत्रलेखकांची शंका त्याच्याशी जोडलेली आहे. तिचा आरएनए पेशीत गेल्यावर काही काळ स्वतःच्या प्रती काढतो. ही युक्ती अल्फाव्हायरस या विषाणूकुळाकडून घेतलेली आहे. पुणेकरांना परिचित असलेला चिकुनगुनिया याच कुळातला. या कुळातील विषाणू पेशीच्या केंद्रकात जात नाहीत, म्हणून केंद्रकातील टोपी चढवणारी यंत्रणा त्यांना मिळत नाही. ते टोपी चढवणारे प्रथिन स्वतःबरोबरच आणतात. अशा लसीत प्रती काढण्याचा आणि टोपी चढवण्याचा तेवढा मजकूर ठेवतात, विषाणूचे कवच घडवणारा मजकूर काढून टाकतात आणि त्या जागी कोविड विषाणूच्या काटेरी प्रथिनाचा मजकूर घालतात. कवचच नसल्यामुळे विषाणू तयार होत नाही आणि एका पेशीतून दुसऱ्या पेशीत संसर्ग पसरत नाही. प्रती निघतात त्या लस पोहोचलेल्या पेशींतच, आणि ती पेशी संपली किंवा तिने धागे मोडून काढले की त्याही संपतात.

म्हणून पत्रलेखकांना माझे उत्तर असे. हा आरएनए कायमचा राहत नाही. त्याचे काम पेशीद्रवात चालते, मूळ रेखाचित्र असलेल्या कपाटापर्यंत ते जात नाही. पण ‘दोन दिवसांत सारे साफ’ असे जे ठामपणे सांगतात, त्यांचेही पूर्ण खरे नाही. परदेशी आरएनए लसींच्या अभ्यासांत काखेतील लसिका ग्रंथींमध्ये काही आठवड्यांनंतरही त्याचे अंश सापडले आहेत. स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए साध्या आरएनएपेक्षा थोडा अधिक काळ काम करतो, आणि तो तसा करावा म्हणूनच घडवलेला असतो. म्हणजे हिशेब दिवसांचा आणि आठवड्यांचा आहे, आयुष्याचा नाही.

टोपी आणि शेपटीचीही एक मर्यादा आहे. ही दोन्ही टोकांची राखण करतात, मधल्या धाग्याची नाही. आरएनएच्या प्रत्येक अक्षरावर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी अशा ठिकाणी असते की पाणी आणि उष्णता मिळाल्यास ती शेजारचाच सांधा तोडते. त्यासाठी विकराचीही गरज नसते. धागा जितका लांब, तितके सांधे जास्त आणि कुठे तरी एक तुटण्याची शक्यताही जास्त. फायझर-बायोएनटेकचा धागा ४२८४ अक्षरांचा आहे. स्वतःच्या प्रती काढणारा धागा त्याच्या दुपटीहून लांब असतो. एवढ्या लांबीत एक सांधा तुटला तरी टोपी एकीकडे नि शेपटी दुसरीकडे पडते, आणि तो धागा निकामी होतो.

सुरुवातीच्या काळात काही आरएनए लसी उणे साठ अंशांखाली ठेवाव्या लागत, त्याचे एक मोठे कारण हेच. जिनोव्हाने दुसरा मार्ग घेतला. पाणीच काढून टाकले. गोठवून सुकवलेल्या भुकटीत सांधा तोडणारे पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे ती लस दोन ते आठ अंशांच्या साध्या शीतकपाटात राहू शकते. खेड-जुन्नरच्या आरोग्य केंद्रातही असे कपाट असते, हे लक्षात घेतले म्हणजे या सुकवण्याचे मोल कळेल. मात्र भुकटीत द्रव मिसळला की घड्याळ पुन्हा सुरू होते. मिसळलेली कुपी ठरलेल्या वेळेनंतर टाकून द्यावी लागते. परिचारिका ‘आता ही चालणार नाही, नवी काढते’ असे म्हणाली, तर ती आडमुठेपणा करत नसते. तुटलेल्या धाग्यांची लस दिसायला अगदी तशीच असते, पण तिच्यापासून संरक्षण पुरेसे मिळत नाही. डोळ्यांनी हा फरक कळत नाही, म्हणून वेळ आणि तापमानाची नोंद हाच आपल्या हातातला पुरावा.

होकार की नकार, याचे सगळे उत्तर या टोकांतून निघत नाही, हेही सांगितले पाहिजे. आरएनए टिकत नाही म्हणून लसीचे दुष्परिणाम होणारच नाहीत, असा अर्थ काढू नये. ते चाचण्यांतून आणि नंतरच्या नोंदींतूनच कळतात. पत्रलेखकांच्या पत्नीला कोणते आजार आहेत, रक्त पातळ करण्याचे औषध चालू आहे का, पूर्वीच्या लसीनंतर काही तीव्र त्रास झाला होता का, हे त्यांच्या डॉक्टरांसमोर मांडून निर्णय घ्यावा. फक्त ‘तो आत कायमचा राहतो’ या भीतीपोटी नकार देऊ नये. तसा तो राहत नाही. शेपटी झिजते, टोपी उतरते आणि प्रत फाडली जाते.